नाव बदलताना जुनं नाव जपा : गॅझेटबद्दल वाचकांचे प्रश्न

शाळेच्या दाखल्यावर माझं नाव 'दगडू बाबुराव जाधव' आहे, आधारवर 'दगडू बाबू जाधव'. मला 'अविनाश' हे नाव घ्यायचं आहे. गॅझेटच्या अर्जात जुनं नाव कोणतं लिहू?

दोन्ही लिहा. मधे 'ऊर्फ' घाला आणि जुन्या नावाच्या रकान्यात 'दगडू बाबुराव जाधव ऊर्फ दगडू बाबू जाधव' असं पूर्ण नाव द्या.

बहुतेक जण सगळं लक्ष नव्या नावावर देतात आणि जुनं नाव आठवेल तसं लिहून मोकळे होतात. खरं तर गॅझेटचं, म्हणजे शासनाच्या राजपत्राचं, काम दुवा जोडण्याचं आहे. जुन्या कागदांवरचा माणूस आणि आजचा माणूस एकच, हे ते जाहीर करतं. महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये नावबदलाच्या सूचना येतात, आणि सूचनेतल्या मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी शासन घेत नाही, तो अर्जदाराच्या अर्जावरून कागदपत्रं न तपासता छापला आहे, अशी टीपही तिथेच असते. म्हणजे तुम्ही जे लिहाल तेच छापून येणार. तुमच्या वतीने दुसरं कोणी ते ताडून पाहणार नाही.

आता तुमचंच उदाहरण घ्या. जुनं नाव फक्त दाखल्याप्रमाणे दिलंत, तर आधार केंद्रावर अडचण येईल. पूर्ण नाव बदलायचं असेल तर तिथे गॅझेटसोबत जुन्या नावाचा ओळखपुरावा लागतो, आणि त्यांच्या नोंदीत आहे 'बाबू'. फक्त आधारप्रमाणे दिलंत, तर शाळेचा दाखला कायमचा तुटेल. 'आधी आधारवर बाबुराव करून घेतो' असा विचार मनात आला असेल, तर तो सोडा. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं, त्यातली एक संधी वडिलांच्या 'राव'वर खर्च करू नका.

अर्ज करण्यापूर्वी एक संध्याकाळ काढा. दाखला, आधार, पॅन, बँकेचं पासबुक, मतदार ओळखपत्र, सातबारा असेल तर तोही, सगळं समोर मांडा. प्रत्येकावरचं नाव मराठीत आणि इंग्रजीत जसंच्या तसं वहीत उतरवा. 'राव', 'भाऊ', 'बाई', 'कुमार' ही शेपटं आणि इंग्रजी स्पेलिंगमधलं जास्तीचं 'ए' किंवा 'एच' यांतूनच पुढे हेलपाटे निर्माण होतात. नव्या नावात वडिलांचं नाव एकदाच ठरवा. 'अविनाश बाबुराव जाधव' ठरलं, तर त्याचं स्पेलिंगही आजच पक्कं करा.

नोटरीकडे प्रतिज्ञापत्र केलं की झालं, असं एका एजंटने सांगितलं. जाहिरात खरंच लागते का?

नुसतं प्रतिज्ञापत्र ही सुरुवात आहे. त्यात जुनं नाव, ठरवलेलं नवं नाव, वय, पत्ता, बदलाचं कारण आणि दोन्ही नावं तुमचीच आहेत हे शपथेवर येतं. जुन्या नावाने घेतलेलं कर्ज आणि केलेले करार यांची जबाबदारी माझीच राहील, असं एक वाक्य त्यात अवश्य घाला. कर्ज देणाऱ्यांपासून लपण्यासाठी नाव बदललं नाही, हे त्यावरून दिसतं.

त्यानंतर वर्तमानपत्रात जाहीर सूचना. ती तुमच्या भागात वाचल्या जाणाऱ्या एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात द्या. मजकूर चार ओळींचा असला तरी प्रतिज्ञापत्रातून अक्षरशः उतरवा, फोनवरून सांगू नका. माझ्याकडे आलेल्या एका बाईंच्या सूचनेत फोनवर ऐकताना 'शीला'चं 'शीतल' झालं होतं, आणि ते कात्रण पुढे कुठेच चाललं नाही. जाहिरात आली की नुसतं कात्रण कापू नका, पूर्ण पान ठेवा. वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि आवृत्ती त्यावर दिसायला हवी.

मग राजपत्रासाठी अर्ज. महाराष्ट्रात तो शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन जातो. तुम्ही केंद्र सरकारच्या नोकरीत असाल, तर मात्र दिल्लीच्या प्रकाशन विभागाकडून भारताच्या राजपत्रात, भाग चारमध्ये, सूचना यावी लागते. तिथे जाहिरातीची मूळ प्रत, प्रतिज्ञापत्र, ठरावीक नमुन्यात दोन साक्षीदारांच्या सह्या आणि मजकुराची टाइप केलेली संगणकीय प्रतही मागतात. कागदी आणि संगणकीय मजकूर एकच आहे असं लिहूनही द्यावं लागतं.

लग्नानंतर आडनाव बदललं. मलाही गॅझेट करावं लागेल का?

फक्त नवऱ्याचं नाव आणि आडनाव लावणार असाल, तर नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र पुरतं. पॅन, बँक, पासपोर्ट सगळीकडे तेच चालतं.

पण सासरी तुमचं स्वतःचं नावही बदललं असेल, माहेरची सुवर्णा सासरी स्वाती झाली असेल, तर गॅझेट कराच. विवाह प्रमाणपत्रावर सहसा माहेरचं नाव असतं, त्यामुळे सुवर्णा हीच स्वाती, हे त्यातून सिद्ध होत नाही. वीसेक वर्षांनी वडिलोपार्जित जमिनीत वारस म्हणून नाव लावताना हा प्रश्न उभा राहतो, आणि तोवर साक्षीला माणसं राहिलेली नसतात.

गॅझेट झाल्यावर दहावीच्या प्रमाणपत्रावर नवं नाव येईल ना? आणि जन्मदाखल्यावर?

आपोआप येत नाही. जन्मदाखला जन्माच्या वेळची नोंद सांगतो. 1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात चुकीची नोंद दुरुस्त करायची तरतूद आहे, पण तिथेही मूळ नोंद खोडली जात नाही, समासात दुरुस्ती लिहिली जाते. मोठेपणी स्वतःच्या मर्जीने घेतलेलं नाव ही चूक नव्हे.

शालेय प्रमाणपत्रांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सीबीएसईच्या एका प्रकरणात चूकदुरुस्ती आणि नावबदल या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या. बदल सरसकट नाकारता येणार नाही, पण त्यासाठी मंडळ राजपत्रासारख्या अटी घालू शकतं आणि नव्या प्रमाणपत्रात जुनं नावही नमूद करू शकतं, असं त्यातून स्पष्ट झालं. तरीही माझा सल्ला असा की नोकरीच्या वयात असाल तर जुनी प्रमाणपत्रं तशीच राहू द्या आणि प्रत्येकामागे गॅझेटची प्रत जोडा. जोडीने ठेवलेले हे दोन कागद बहुतेक ठिकाणी पुरतात.

गॅझेट आलं, पण नव्या नावात एक अक्षर चुकलंय. एवढ्याशा चुकीने काय बिघडतं?

आधी आधारसाठी धाव घेऊ नका, नाहीतर चुकीचं नावच पुढे सगळीकडे जाईल. तुमचा भरलेला अर्ज उघडून चूक कुठली ते पाहा. अर्जात बरोबर असेल आणि छपाईत चुकलं असेल, तर अर्जाच्या प्रतीसह लगेच मुद्रण कार्यालयाकडे शुद्धिपत्र मागा. अर्जातच चुकलं असेल, तर नवी सूचना द्यायची तयारी ठेवा.

दुरुस्त अंक हाती आला की आधी आधार करा, त्यानंतर पॅन, मग बँक आणि पासपोर्ट. आधार आणि पॅनवरची नावं जुळत नसतील तर ती दोन्ही जोडताना अडचण येते, म्हणून मधल्या काळात मोठे आर्थिक व्यवहार टाळा. गॅझेटची डिजिटल सहीची मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा. जुन्या नावाचं पॅन आणि आधार यांच्या छायाप्रतीही तिच्यासोबतच असू द्या, मूळ कार्डं बदलली की त्या पुन्हा मिळवणं जड जातं.