यादीत नसलेलं नाव

"सर, मी फोर्टमधल्या एका फर्ममध्ये सीएची आर्टिकलशिप करते. क्लायंटने दिलेली रिलेटेड पार्टींची, म्हणजे संचालक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांच्या फर्म यांची यादी ताळेबंदाच्या नोटशी जुळवायला मला सांगितलं. सगळं जुळलं. पण जी नावं यादीतच नाहीत, ती कशी सापडायची? आणि हेच काम आवडलं तर पुढे काय करू?"
— आर्टिकल विद्यार्थिनी, दादर

तुझ्या जुळवणीतून यादीतल्या लोकांच्या रकमा बरोबर आहेत एवढं कळलं. यादी पुरी आहे का, हे यादी हातात धरून कधीच कळणार नाही. त्यासाठी उलट्या बाजूने यावं लागतं. आधी पैसा कुठे गेला ते बघायचं आणि मग तो घेणारा यादीत आहे का ते शोधायचं.

समज, क्लायंट पॅकेजिंगचा माल बनवणारी एका कुटुंबाची प्रायव्हेट लिमिटेड आहे. कारखाना भिवंडीला, ऑफिस अंधेरीला. यादीत दोन संचालक भाऊ, त्यांच्या बायका आणि एक सिस्टर कन्सर्न. तू जॉबवर्कचे लेजर उघडतेस. बाकीचे सगळे पार्टीवाले पैशांसाठी 60 ते 90 दिवस थांबतात, एकाला मात्र आठवड्यात पैसे मिळतात. वर्षाची बिलं 38 लाखांची, आणि बिल नंबर 1 ते 12 सलग. म्हणजे वर्षभरात त्याने दुसऱ्या कुणाला बिलच दिलेलं नाही. माल तिकडे गेल्याची आणि परत आल्याची चलनंही फाइलमध्ये नाहीत.

आता बिलावरचा जीएसटी नंबर बघ. पहिले 2 आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची 10 अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर P असेल तर ती कंपनी किंवा भागीदारी नाही, एका माणसाचा धंदा आहे. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकलास की 'एंटरप्रायझेस'च्या पाटीमागचं खरं नाव दिसतं.

इथे बरेच जण आडनाव जुळत नाही म्हणून पुढे जातात. आपल्याकडे लग्नानंतर बहुतेक मुलींचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, म्हणून संचालकाची मुलगी अगदी परक्या नावाने समोर येते. तेव्हा संचालकांकडून नातेवाइकांची पूर्ण नावं आणि पॅन लेखी मागून घ्यायचे आणि व्हेंडर मास्टर म्हणजे पुरवठादारांच्या नोंदवहीतले सगळे पॅन त्यांच्याशी ताडून बघायचे. नात्यांच्या व्याख्याही शेजारी ठेव. कंपनी कायद्यात जावई नातेवाईक आहे, बहिणीचा नवरा नाही. एएस 18 या लेखामानकाच्या व्याख्येत मुलगी आहे, जावयाचा उल्लेख नाही. नातं एकच असलं तरी दोन ठिकाणी उत्तर वेगळं येऊ शकतं.

दुसरी फसगत शून्य बाकीची. एप्रिलमध्ये संचालकाच्या फर्मला 50 लाख बिनव्याजी गेले आणि मार्चअखेर परत आले, तर ट्रायल बॅलन्सवर काहीच दिसत नाही. पण नोटमध्ये वर्षभरातले व्यवहार द्यायचे असतात, नुसती बाकी नाही. म्हणून बँक स्टेटमेंटमधल्या मोठ्या गोल रकमा वर्षभर वाचत जा, आणि वर्षाच्या सुरुवातीच्या व शेवटच्या आठवड्यांत जास्त बारकाईने.

काही व्यवहारांत पैसा हलतच नाही. फुकट वापरलेली जागा किंवा कुणासाठी दिलेली हमी लेजरमध्ये उतरत नाही. त्यासाठी बँकेचं कर्ज मंजुरीपत्र वाच. हमीदार कोण आणि तारण कुणाच्या मालकीचं, ते बँकेने स्वतःच्या काळजीपोटी स्वच्छ लिहिलेलं असतं. मला स्वतःला यादीबाहेरची नावं सर्वांत जास्त याच कागदाने दिली आहेत.

असं नाव सापडलं की क्लायंटच्या अकाउंटंटला परस्पर विचारू नकोस, आधी सिनिअरकडे जा. एसए 550 या ऑडिटच्या मानकानुसार ते टीमला लगेच कळवायचं, त्या पार्टीचे सगळे व्यवहार व्यवस्थापनाकडून मागायचे आणि कंपनीच्या पद्धतीतून ते कसं सुटलं हे विचारायचं. चुकून राहिलं असेल तर नोट दुरुस्त होते. मुद्दाम लपवलं असेल तर व्यवस्थापनाच्या इतर उत्तरांवर किती विसंबायचं हेही पुन्हा ठरवावं लागतं. व्यवस्थापनाचं लेखी निवेदन फाइलला लागतंच, पण तेवढ्याने यादी पुरी ठरत नाही. आणि धंदा एखाद्या मित्राच्या किंवा नोकराच्या नावावर असेल तर पॅनने काहीच हाती लागणार नाही. तिथे पैसे मिळायला लागलेले दिवस, दर आणि चलनं यांतली विसंगतीच बोलते.

पुढचं विचारलंस, तर आयसीएआयचा फोरेन्सिकचा सर्टिफिकेट कोर्स सीए झाल्यावर कर. आत्ता उरलेल्या आर्टिकलशिपमध्ये व्हेंडर मास्टर आणि बँक स्टेटमेंटचं काम मागून घे. ते कंटाळवाणं म्हणून सहसा कुणी मागत नाही, त्यामुळे तुला मिळेल. आणि या क्लायंटचं मंजुरीपत्र फाइलमध्ये आहे का, ते आधी बघ.