‘विक्रमी झेप’ आणि तळटीप

प्रश्न : कंपनीच्या तिमाही निकालाच्या प्रसिद्धिपत्रकातील ‘दैदीप्यमान’, ‘विक्रमी’ अशी सारी विशेषणे मी काढून टाकली, तरीही वरिष्ठ म्हणतात की बातमी जाहिरातच वाटते. काय राहून गेले?

राहून गेली ती मांडणी, कारण कोणता आकडा आधी सांगायचा हे अजूनही कंपनीच ठरवते आहे. आपण एक काल्पनिक उदाहरण घेऊ. प्रसिद्धिपत्रकाची पहिली ओळ अशी आहे : ‘निव्वळ नफ्यात ५२.५ टक्क्यांची विक्रमी झेप. नफा ६१ कोटी रुपयांवर.’ यातले ‘विक्रमी’ आणि ‘झेप’ गाळून ‘निव्वळ नफा ५२.५ टक्क्यांनी वाढला’ असे लिहिले, तर वाक्य खरे असते, पण वाचकाचा समज चुकीचाच होतो.

म्हणून लेखणी चालवण्यापूर्वी कंपनीने त्याच दिवशी मुंबई शेअर बाजार किंवा राष्ट्रीय शेअर बाजाराला सादर केलेला निकालाचा तक्ता उघडावा. सेबीच्या नियमांनुसार नोंदणीकृत कंपनीला पहिल्या तीन तिमाहींचे निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत द्यावे लागतात आणि ते बाजारांच्या संकेतस्थळांवर कोणालाही पाहता येतात. त्या तक्त्यात ‘अपवादात्मक बाबी’ अशी एक ओळ असते. आपल्या उदाहरणात तिथे ३० कोटी रुपये दिसतात आणि खालची तळटीप सांगते की हा जुन्या कारखान्याची जमीन विकून झालेला लाभ आहे. त्याच्या वरची ओळ पाहिली, तर अपवादात्मक बाबी धरण्यापूर्वीचा करपूर्व नफा गेल्या वर्षीच्या याच तिमाहीतील ५३ कोटींवरून ४९ कोटींवर आलेला आहे. म्हणजे व्यवसायातला नफा सुमारे साडेसात टक्क्यांनी घटला आणि नफ्याचा फुगवटा जमिनीने दिला.

इथे एक चूक फार जण करतात : ६१ मधून ३० वजा करून ‘खरा नफा ३१ कोटी’ असे लिहून मोकळे होतात. ६१ कोटी ही कर भरल्यानंतरची रक्कम आहे आणि ३० कोटी करापूर्वीची, त्यामुळे ही वजाबाकी चालत नाही. करपूर्व आकड्याची तुलना करपूर्व आकड्याशीच करावी. मग संक्षिप्त वृत्त असे होईल :

‘जमीनविक्रीतून मिळालेल्या ३० कोटी रुपयांच्या एकवेळच्या लाभामुळे कंपनीचा पहिल्या तिमाहीतील निव्वळ नफा गेल्या वर्षीच्या याच तिमाहीतील ४० कोटींवरून ६१ कोटी रुपयांवर गेला आहे. हा लाभ धरण्यापूर्वीचा करपूर्व नफा मात्र ५३ कोटींवरून ४९ कोटींवर आला. महसूल तीन टक्क्यांनी वाढून ४१२ कोटी रुपये झाला.’

यात कंपनीवर टीका नाही. तिच्याच तक्त्यातील चार ओळी योग्य क्रमाने आल्या आहेत.

प्रश्न : अध्यक्षांचे मनोगत पूर्ण गाळले, तर जनसंपर्क अधिकाऱ्यांचा फोन येतो. किती ठेवावे?

ज्या वाक्यातून वाचकाला नवी माहिती मिळते, तेवढेच ठेवावे. ‘हे यश आमच्या दूरदृष्टीचे फळ आहे’ यात माहिती नाही. ‘कच्च्या मालाच्या दरवाढीचा ताण पुढील तिमाहीतही राहील’ हे वाक्य बहुधा मनोगताच्या अगदी शेवटी दडलेले असते, आणि तेच घ्यावे. आणखी एक पथ्य : असे मनोगत अनेकदा जनसंपर्क विभागच लिहितो, तेव्हा ‘अध्यक्ष वार्ताहरांशी बोलताना म्हणाले’ असे लिहू नये, ‘असे अध्यक्षांनी प्रसिद्धिपत्रकात म्हटले आहे’ असे लिहावे. फोन आलाच, तर चुकलेला आकडा दाखवायला सांगावे. माझ्या अनुभवात पुढचे संभाषण बहुतेक वेळा तिथेच आटोपते.

प्रश्न : नफ्याऐवजी ‘मागील तिमाहीच्या तुलनेत विक्री १८ टक्क्यांनी वाढली’ असे दिले असेल, तर ते जसेच्या तसे घ्यावे का?

आधी व्यवसायाचा हंगाम पाहावा. पंखे किंवा शीतपेये विकणाऱ्या कंपनीची एप्रिल ते जून या काळातील विक्री जानेवारी ते मार्चपेक्षा जास्त असणे स्वाभाविक आहे. तक्त्यात मागील तिमाही आणि गेल्या वर्षीची तीच तिमाही असे दोन्ही रकाने असतात. अशा व्यवसायात दुसरा रकाना मुख्य धरावा. प्रसिद्धिपत्रकाने नेहमीची तुलना सोडून या वेळी वेगळीच निवडली असेल, तर गाळलेला रकाना आधी वाचावा.

प्रश्न : कंपनी शेअर बाजारात नोंदणीकृत नसेल, तर पडताळणी कशी करायची?

कंपनी निबंधकांकडे सादर होणारी वार्षिक विवरणपत्रे शुल्क भरून पाहता येतात, पण ती सरलेल्या आर्थिक वर्षाची असतात. चालू तिमाहीचा आकडा त्यांतून पडताळता येत नाही. अशा वेळी ‘कंपनीच्या दाव्यानुसार’ हे शब्द त्या आकड्याच्याच वाक्यात घालावेत, बातमीच्या शेवटी नव्हे. ‘देशातील अग्रगण्य’ याला मात्र हे शब्द जोडूनही उपयोग नाही. कशात अग्रगण्य आणि कोणाच्या मोजणीनुसार, हे कळेपर्यंत तो उल्लेख वगळावा आणि कंपनी काय बनवते एवढेच लिहावे.