पोलिओ नाही म्हणता, मग लुळी मुलं का मोजता?

प्रश्न: आमच्या भागात कित्येक वर्षांत पोलिओचा रुग्ण नाही. तरी एखाद्या मुलाचा पाय लुळा पडला की लगेच शौचाचे नमुने मागतात. पोलिओच नसेल तर हे कशासाठी?

उत्तर: गंमत अशी की इथे खरी मोजदाद होते ती पोलिओ न झालेल्या मुलांची. हात-पाय अचानक लुळे पडायला जीबीएस हा नसांचा आजार, मज्जारज्जूची सूज, इंजेक्शनने दुखावलेली नस अशी बरीच कारणं असतात. पोलिओ पूर्ण गेला तरी १५ वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला असं निदान एक मूल सापडायलाच हवं. ४ लाख मुलांच्या जिल्ह्यातून वर्षभरात एकच रुग्ण कळवला गेला, तर तिथला 'पोलिओ शून्य' हा आकडा मी तरी धरणार नाही. तिथे कुणी शोधलेलंच नसतं.

रुग्ण सापडला तरी अर्धंच काम होतं. लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे आणि थंड ठेवून प्रयोगशाळेत पोचवायचे. विषाणू रोज सारखा बाहेर पडत नाही, म्हणून दोन. निदान ८० टक्के रुग्णांचे नमुने असे नीट मिळावे लागतात. उशीर झाला तर ६० दिवसांनी मूल पुन्हा तपासतात. अशक्तपणा उरला असेल तर तज्ज्ञ समिती कागदपत्रं बघून ठरवते, आणि कधी कधी 'पोलिओ नाकारता येत नाही' असा शेरा मारावा लागतो. हा शेरा म्हणजे यंत्रणेचीच चूक.

पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र एकेका देशाला नव्हे, जागतिक आरोग्य संघटनेच्या संपूर्ण विभागाला मिळतं. त्यासाठी अशा दर्जाच्या देखरेखीखाली किमान तीन वर्षं जंगली, म्हणजे लसीतून न आलेला मूळ पोलिओ विषाणू दिसता कामा नये. इतकी वर्षं का? कारण साधारण २०० संसर्गांत एकालाच लुळेपणा येतो, बाकीचा प्रसार डोळ्यांना दिसतच नाही.

हे कसं फसतं ते नायजेरियात दिसलं. जुलै २०१४ नंतर तिथे रुग्ण नव्हता, सप्टेंबर २०१५ मध्ये पोलिओग्रस्त देशांच्या यादीतून नावही निघालं. ऑगस्ट २०१६ मध्ये बोर्नो राज्यात पुन्हा रुग्ण सापडले. त्या विषाणूची जनुकीय रचना ताडून पाहिली, तर त्याचा सर्वांत जवळचा ज्ञात नातलग २०११ चा निघाला! या विषाणूत वर्षाला साधारण एक टक्का बदल होत जातो, त्यामुळे मधली पाच वर्षं तो कुणाच्या नजरेस न पडता फिरत होता हे त्यावरूनच कळलं. सशस्त्र संघर्षामुळे तिथल्या कित्येक वस्त्यांत आरोग्य कर्मचारी पोचतच नव्हते. राज्याची सरासरी काढली की अशा वस्त्या तिच्यात बुडून जातात, म्हणून मी आधी गावनिहाय यादी मागतो. आफ्रिका विभागाला प्रमाणपत्र मिळायला मग २५ ऑगस्ट २०२० उजाडला.