बँकेच्या परीक्षेसाठी महागाई आणि व्याजदरावर दहा 'चूक की बरोबर' विधानं सरावाला मिळतील का? उत्तराचं एका ओळीत कारणही हवं.

मी या परीक्षांचे अर्थशास्त्राचे तास घेतो, त्यात मुलं जिथे अडखळतात अशीच विधानं खाली घेतली आहेत. आधी कागदावर चूक-बरोबर लिहून काढा, मगच उत्तरं बघा.

१. महागाईचा दर ८ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला, म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या.
२. किरकोळ महागाई ४ टक्के, त्यात २ टक्के वर-खाली चालेल, असं रिझर्व्ह बँकेला उद्दिष्ट दिलेलं आहे.
३. बँका ग्राहकांना ज्या दराने कर्ज देतात तो रेपो दर.
४. पतधोरण समितीत मतं समसमान पडली तर गव्हर्नरचं दुसरं मत निर्णय ठरवतं.
५. घाऊक किंमत निर्देशांकात शाळेची फी आणि डॉक्टरची फी धरतात.
६. एफडीवर ७ टक्के व्याज, महागाई ५ टक्के आणि तुम्ही ३० टक्के कराच्या टप्प्यात. म्हणजे खरी कमाई २ टक्के.
७. बाजारातले व्याजदर वाढले की जुन्या सरकारी रोख्यांची किंमत उतरते.
८. भाजीपाला भडकून महागाई ६ टक्क्यांच्या वर गेली की रेपो वाढवावाच लागतो.
९. अचानक महागाई वाढली तर ठरावीक दराने कर्ज घेतलेल्याचा फायदा होतो.
१०. व्याजदर वाढला तरी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली की कर्ज फिटतंच.

आता उत्तरं.

१. चूक. भाव वाढतच आहेत, फक्त वेग कमी झाला: १०० ची वस्तू आधी १०८ ला गेली, पुढच्या वर्षी ११२ च्या पुढे.
२. बरोबर. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून ही चौकट आहे.
३. चूक. रिझर्व्ह बँक रोखे तारण घेऊन बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचा पैसा देते तो रेपो.
४. बरोबर. सदस्य सहा आहेत, त्यामुळे ३-३ अशी कोंडी होऊ शकते.
५. चूक. त्यात सेवा येतच नाहीत, फक्त वस्तू.
६. चूक. ७ मधले २.१ करात गेले, उरले ४.९; म्हणजे महागाईपुढे थोडा तोटाच (सेस धरलाच नाही).
७. बरोबर. नवा रोखा जास्त व्याज देत असेल तर जुना कोणी पूर्ण किमतीला का घेईल?
८. चूक. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने किरकोळ महागाई ७.४४ टक्क्यांवर नेली, तरी रेपो ६.५० वरच राहिला. व्याज वाढवून टोमॅटो पिकत नाहीत.
९. बरोबर. फेडायचे रुपये तेवढेच राहतात, पण त्यांची किंमत घटलेली असते, झळ सावकाराला.
१०. चूक. हप्ता महिन्याच्या व्याजापेक्षा कमी पडला तर मुदत कितीही वाढवा, मुद्दल उतरत नाही.

दहाव्याला एक ओळ पुरत नाही, कारण ते बहुतेकांना बरोबरच वाटतं. समजा ३० लाखांचं गृहकर्ज, बदलता दर ७ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता बसतो साधारण २३,२५९ रुपये. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५० वर गेला. रेपोला जोडलेलं हे कर्ज तेवढंच चढलं असं धरा, म्हणजे ९.५ टक्के. बाकी आहे २९ लाख ५० हजार. तिचं एका महिन्याचं व्याज झालं सुमारे २३,३५४. पूर्ण हप्ता भरूनही व्याजातले ९५ रुपये राहिले, ते मुद्दलात चढणार, आणि पुढच्या महिन्यात त्यांच्यावरही व्याज लागणार.

दर ९ टक्क्यांवरच थांबला असता तर? व्याज २२,१२५, म्हणजे मुद्दलाकडे अकराशेच्या आसपास जातात आणि कर्ज फिटायला तेहतीस वर्षांहून जास्त लागतात. चाळिशीत कर्ज घेतलेल्याला बँक एवढी मुदत सहसा देत नाही, मग हप्ता वाढवण्यावाचून गत्यंतर नसतं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं ते यासाठीच: दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारा, आणि मुदत वाढवताना बाकी उलटी फुगणार नाही हे बघा.

परीक्षेत असं विधान आलं आणि आकडे दिलेले असले तर बाकी गुणिले वार्षिक दर भागिले १२ एवढंच करा. येणारी रक्कम हप्त्याहून मोठी असेल तर 'चूक' वर खूण करून पुढे जा.