बागेचा आवाज एकच असू दे

प्रश्न: देवगडहून आंबा थेट गिऱ्हाईकाच्या घरी पाठवतो. काल आमच्या इन्स्टाच्या पोस्टखाली एकाने लिहिलं, "लुटारू आहात तुम्ही. अर्धी पेटी सडकी निघाली. कोणी घेऊ नका यांच्याकडून." भावाने रागात उलट उत्तर दिलं, ते मी तासाभराने काढलं. आता त्याखाली काय लिहू? पोस्ट मी आपल्या साध्या भाषेत लिहिते, पण उत्तर प्रोफेशनल हवं ना?

उत्तर:

ताई, लिहायच्या आधी ऑर्डरची वही उघडा. त्या माणसाची पेटी कोणत्या तारखेला गेली, गाडीत किती दिवस होती, त्याने आधी फोन किंवा मेसेज केला होता का, हे बघा. पुष्कळदा असं दिसतं की त्याने दोन दिवसांपूर्वी मेसेज टाकलेला असतो, आपण पेट्या भरण्याच्या धांदलीत असतो आणि तो तसाच न उघडलेला पडलेला असतो. तसं असेल तर त्याचा राग आंब्यापेक्षा त्या न उघडलेल्या मेसेजचा आहे, आणि तुमच्या उत्तराची पहिली ओळ त्याबद्दल हवी.

दुसरी गोष्ट, "सडकी" म्हणजे नक्की काय ते कळल्याशिवाय कारण सांगू नका. देठाकडून काळा पडून मऊ झालेला आंबा वेगळा आणि साका निघालेला वेगळा. पहिला बाहेरूनच दिसतो. तिथे वाटेतला उकाडा, पेटी उशिरा पोचणं किंवा पोचल्यावर बंदच राहणं, असं काहीतरी घडलेलं असतं. साका असलेला आंबा मात्र वरून देखणा, वासाला छान, आणि चिरल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट. शहरातला माणूस दोन्हीला सडकाच म्हणतो, आणि त्यात त्याची चूक नाही. म्हणून चिरलेल्या फोडीचा फोटो मागायचा. तो संशय घेण्यासाठी नाही, तुम्हाला पुढचं बोलता यावं म्हणून.

आता तुमचा खरा प्रश्न. तुमच्या पोस्टची भाषा "यंदा मोहोर उशिरा आला, पण फळ धरलंय बघा" अशी असणार. आणि वाईट कमेंट आली की आपल्यातल्या बहुतेकांचा हात एकदम सरकारी पत्राकडे जातो. "महोदय, आपल्या झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठविण्यात आली आहे." तुमच्याकडे कुठला आलाय विभाग? आंबा तुम्ही आणि तुमचे घरचे काढता, पेंढ्यात तुम्हीच लावता. रोज "तुम्ही" म्हणणारा माणूस भांडणात अचानक "आपण" म्हणायला लागला की मराठी कानाला तो आदर वाटत नाही, दार लावून घेतल्यासारखं वाटतं. काही जणांना तर टोमणाच वाटतो.

हे मी स्वतः करून बसले आहे. वेंगुर्ल्याजवळ आमचं घरगुती राहण्या-जेवणाचं आहे. एका जूनमध्ये पाहुण्यांनी लिहिलं की मासे शिळे होते आणि मालक माजोरडे आहेत. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्या दिवशी आमच्याकडे बर्फातले मासे होते आणि आम्ही ते जेवायला बसण्याआधी सांगितलं नव्हतं. चूक आमचीच होती. मी मात्र "उपरोक्त तक्रारीच्या अनुषंगाने" असं काहीतरी लिहिलं. संध्याकाळी आमच्या दर वर्षीच्या पाहुण्यांचा फोन आला, "वहिनी, ते उत्तर तुम्ही लिहिलंत? वकिलाकडून आल्यासारखं वाटलं." त्या दिवसापासून मी एक गोष्ट पाळते. पोस्टमध्ये जो माणूस बोलतो तोच उत्तरात बोलला पाहिजे, फक्त थोडा हळू आणि थोडा कमी. प्रोफेशनल म्हणजे माझ्या लेखी एवढंच.

तुमच्यासाठी मी असं लिहीन:

"नमस्कार. तुमच्या पेटीतले आंबे खराब निघाले, वाचून वाईट वाटलं. खराब फळं चिरून त्यांचा आणि पेटीवरच्या चिठ्ठीचा फोटो आम्हाला मेसेज करा, आज संध्याकाळपर्यंत बघून सांगतो. जेवढी फळं खराब निघाली तेवढी बदलून देऊ किंवा तेवढे पैसे परत करू. काल इथे आमच्याकडून रागात उत्तर गेलं, ते बरोबर नव्हतं, माफ करा." खाली तुमचं नाव.

यातल्या काही गोष्टी मुद्दाम आहेत. "त्रास झाला असेल तर माफ करा" असं लिहिलं नाही, कारण त्या "असेल तर"मध्ये तुम्ही त्याच्या बोलण्यावर शंका घेता आणि वाचणाऱ्याला ती लगेच कळते. माफीच्या मागे "पण" नाही. "पण" आला की माणूस त्याच्या पुढचंच वाचतो. "लुटारू" हा शब्दही उत्तरात कुठे नाही. "आम्ही लुटारू नाही" असं लिहिलंत की तोच शब्द तुमच्या नावाखाली दुसऱ्यांदा छापला जातो, आणि तोही तुमच्याच हाताने.

भावाचं उत्तर काढलंत ते ठीक, पण तासभर ते तिथे होतं. त्या माणसाला नोटिफिकेशन गेलं असणार, कदाचित त्याने स्क्रीनशॉटही ठेवला असेल. म्हणून ती एक ओळ हवीच. "आमच्या सोशल मीडियाच्या मुलाकडून चूक झाली" असं मात्र लिहू नका. "आमच्याकडून" एवढं पुरे. कोणी लिहिलं हा घरातला विषय आहे.

आता सगळ्यात मोह होतो ती जागा. साका बाहेरून ओळखता येत नाही, हे खरं आहे. चौदा आणे तयार झालेलं फळ वेळेवर उतरवलं तर साका कमी निघतो, झाडावर जास्त ठेवलं किंवा तापलेल्या जमिनीची धग लागली तर जास्त, हे बागायतदाराला ठाऊक असतं. पण अर्धी पेटी कचऱ्यात टाकलेल्या माणसाला पहिल्याच उत्तरात हे सांगितलंत तर ते कारण राहत नाही, सबब होते. खरी माहितीसुद्धा चुकीच्या वेळी सांगितली की खोटी वाटते. आधी पैशांचं किंवा बदलीचं बोला. फोटो आल्यावर, साकाच असेल तर, मेसेजमध्ये दोन वाक्यांत समजावा. आणि सार्वजनिकरीत्या सांगायचंच असेल तर आठवड्याने स्वतंत्र पोस्ट टाका, चिरलेल्या फळाचा फोटो लावून. तिथे ते कोणाला उत्तर म्हणून नसेल, त्यामुळे लोक नीट वाचतील.

याउलट, कमेंटमधला आरोप ठोस असेल, म्हणजे "हा कर्नाटकी आंबा, देवगड म्हणून विकतात" असं कोणी लिहिलं, तर तिथे मात्र नुसतं वाईट वाटून चालत नाही. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तुमची त्यात नोंदणी असेल तर प्रमाणपत्राचा फोटो टाका आणि बाग कोणत्या गावात आहे ते लिहा. एक ओळ, एक फोटो, बस. नोंदणी नसेल तर तसा दावा करू नका, बाग दाखवा.

ऑर्डर तुमच्या वहीत सापडलीच नाही तर? सारख्या नावाचे विक्रेते भरपूर आहेत, असं होतं. तेव्हा "तुम्ही आमच्याकडून घेतलेलंच नाही" असं न म्हणता "तुमच्या नावाची ऑर्डर आम्हाला सापडत नाही, पेटीवरच्या चिठ्ठीचा फोटो पाठवाल का" असं विचारा. चिठ्ठी दुसऱ्याची निघाली तर तो स्वतःच गप्प बसतो, आणि वाचणाऱ्यांना काय ते कळतं.

सार्वजनिक उत्तरं जास्तीत जास्त दोन ठेवा. पहिलं वरचं. दुसरं हिशेब मिटल्यावर, "तुमचे पैसे आज परत केले, फोटो पाठवल्याबद्दल धन्यवाद" एवढंच. हे दुसरं बहुतेक लोक विसरतात. सगळं मेसेजमध्ये मिटतं, आणि पोस्टखाली मात्र कायमचं भांडणच दिसत राहतं. मधल्या वेळात तो आणखी चार कमेंट टाकेल. त्यांना उत्तर नाही, पहिल्या उत्तरात सगळं आलेलं आहे.

आणि घरच्यांना आवरा. आपल्याकडे एकाला काही बोललं की मुंबईतल्या मावसभावापासून वाडीतल्या पोरांपर्यंत सगळे धावून येतात. मालवणीत शिव्या सुरू झाल्या की मूळ तक्रार बाजूला राहते आणि बाहेरच्या माणसाला वाटतं, हे तर टोळीनेच तुटून पडले. प्रेमाने करतात हो, पण आजच फोन करून सांगा की कोणी काही लिहू नका.

कमेंट उडवू नका. आईवरून शिवी, जातीवरून काही, कोणाचा फोन नंबर, असं असेल तर आधी स्क्रीनशॉट घ्या आणि मग काढा. नुसती कडवट तक्रार राहू द्या. फेसबुकवर कमेंट लपवली तरी लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना ती दिसतच राहते. इन्स्टावर त्या माणसाला रिस्ट्रिक्ट केलंत तर त्याच्या नव्या कमेंट फक्त त्यालाच दिसतात. पण हे शिवीगाळ करणाऱ्यासाठी ठेवा, आंबा खराब निघालेल्यासाठी नाही.

शेवटचं, भावासाठी. अकाउंट दोघांच्या फोनवर असेल तर एक कागद करून पेट्या भरता तिथे भिंतीला लावा. आमच्याकडे फ्रिजवर आहे. त्यावर एवढंच लिहिलंय: आपण "तुम्ही" म्हणतो, "आपण" नाही आणि "तू"ही नाही, समोरचा "तू" म्हणाला तरी. आपण "आम्ही" म्हणतो आणि खाली नाव लिहितो. रडक्या-हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं तक्रारीखाली नाहीत. रात्री जेवणानंतर कोणी उत्तर देत नाही, फक्त "वाचलं, सकाळी दहाच्या आत बोलतो" एवढं टाकायचं. आणि राग आला असेल तर उत्तर आधी दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचं. माझ्या नवऱ्याने मला वाचून दाखवलेली निम्मी उत्तरं त्याने स्वतःच अर्ध्यात थांबवली.

त्या माणसाचा फोटो आला की इथे सांगा, देठाकडून काळं आहे की आत पांढरं. मेसेज काय लिहायचा ते त्यावर ठरवू.