पुरळ नाही, पण तळहात-तळपायांना रात्रभर खाज

प्रश्न: गरोदरपणाचा ३३वा आठवडा, पुरळ नाही, रात्री तळहात-तळपाय खाजतात. लिव्हरचं एलएफटी नॉर्मल आलंय. थांबू का?

थांबू नका. अशी खाज गरोदरपणातल्या कोलेस्टेसिसची, म्हणजे लिव्हरमधून पित्त नीट न वाहण्याची असू शकते, आणि त्यात रक्तात वाढणारं पित्तातलं आम्ल, म्हणजे बाइल अ‍ॅसिड, एलएफटीमध्ये मोजत नाहीत, ती तपासणी वेगळी लिहून घ्या. उपाशीपोटी जायची गरज नाही. जेवणानंतरचा चढलेला आकडाच बघायचा असतो. तो १९ मायक्रोमोल प्रति लिटरच्या खाली आला आणि खाज सुरूच राहिली, तर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा करा, कारण कधीकधी खाज आधी येते, आकडा मागून चढतो.

समजा ४६ आला. बाळाला पोटातच धोका वाढतो तो मुख्यतः १००च्या पुढे, म्हणून ४० ते ९९ला साधारण ३८-३९ आठवड्यांत प्रसूती करतात, १०० किंवा वर गेल्यास ३५-३६मध्येच. त्यामुळे आकड्यावर लक्ष हवंच. बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र रिपोर्टची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.