दुकानाच्या व्हिडिओखाली सोन्याची शुद्धता आणि किंमत कशी लिहावी?

प्रश्न: आमचं यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी छोटं सराफी दुकान आहे. लग्नसराईसाठी शोकेसचा व्हिडिओ केला आहे. त्याखाली सोन्याची शुद्धता आणि किंमत कशी लिहू, म्हणजे गिऱ्हाईकही येईल आणि लिहिलेलं खोटंही ठरणार नाही?

उत्तर: मी वऱ्हाडातल्या एका सराफी पेढीवर बिलं करतो आणि पेढीच्या व्हिडिओखालचा मजकूरही मीच लिहितो. माझा सगळा भर एकाच गोष्टीवर असतो. वाक्य दुकानाबद्दल न लिहिता व्हिडिओत दिसणाऱ्या त्या एका डागाबद्दल लिहायचं. ‘आमच्याकडे १०० टक्के शुद्ध सोनं’ हे दुकानाबद्दलचं वाक्य झालं, आणि ते २२ कॅरेटला लागूच पडत नाही. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, बाकी तांबं-चांदीसारखा धातू. मग ‘२२ कॅरेट, ९१६ हॉलमार्क’ एवढंच लिहा. गिऱ्हाइकाला ते पुरेसं कळतं.

‘९१६ केडीएम’ लिहायची सवय अजून बऱ्याच ठिकाणी आहे, ती सोडा. केडीएम म्हणजे कॅडमियम मिसळलेल्या डाकाने जोडकाम केलेला दागिना. शुद्धतेचा तो शिक्का नाही, आणि कॅडमियमचा धूर कारागिराच्या फुप्फुसाला घातक असतो. शिक्का एकच, बीआयएसचा. त्यात तीन खुणा असतात: बीआयएसचं चिन्ह, 22K916 आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. कॅमेरा कडीजवळ नेऊन या तिन्ही खुणा स्पष्ट दाखवल्यात, तर खाली शुद्धतेवर लांबलचक लिहावं लागत नाही. बघणारा बीआयएस केअर ॲपवर ‘Verify HUID’मध्ये तो क्रमांक टाकून दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता स्वतः पडताळतो. एक क्रमांक एकाच डागाचा असतो, म्हणून एका पोतीचा क्रमांक दाखवून शेजारच्या चार पोतींचं त्याच दमात सांगू नका.

‘सर्व दागिने हॉलमार्क’ हे तर ट्रेकडे नीट बघितल्याशिवाय लिहूच नका. २ ग्रॅमच्या आतल्या डागाला हॉलमार्कची सक्ती नाही. शोकेसच्या कोपऱ्यातल्या चमक्या आणि लहान बाळ्या बहुधा बिनशिक्क्याच्या असतात. त्यांच्यासाठी वेगळी ओळ द्या: ‘२ ग्रॅमच्या आतल्या दागिन्यांवर हॉलमार्क नाही, कॅरेट बिलावर लिहून मिळेल.’ आणि एक ग्रॅम सोन्याच्या नावाखाली विकला जाणारा मुलाम्याचा माल त्याच ट्रेमध्ये असेल, तर व्हिडिओ काढण्याआधी तो उचलून बाजूला ठेवा. पिवळ्या दिव्याखाली दोन्ही सारखेच दिसतात.

आता किंमत. इथे बोरमाळेचं उदाहरण घेतो, कारण लग्नात मागणी तिलाच असते आणि घोटाळाही तिच्यातच होतो. मणी सोन्याच्या पातळ पत्र्याचे आणि आत लाख भरलेली. समजा काट्यावर माळ २० ग्रॅम भरते, त्यात सोनं १२ ग्रॅम आणि लाख ८ ग्रॅम. हिशेब सोपा जावा म्हणून २२ कॅरेटचा भाव १० ग्रॅमला १,००,००० रुपये धरू. सोन्याचे झाले १,२०,०००. मजुरी १२ टक्के म्हणजे १४,४००. बेरीज १,३४,४००. त्यावर ३ टक्के जीएसटी ४,०३२. हॉलमार्कचे एका डागाला ४५ रुपये आणि त्यावरचा जीएसटी धरून ५३ रुपये. एकूण १,३८,४८५.

आता व्हिडिओखाली कोणी लिहिलं, ‘दोन तोळ्यांची बोरमाळ फक्त १ लाख ३८ हजारांत’. काट्यावर माळ खरंच २० ग्रॅम आहे, बिलही खरंच तेवढंच होणार आहे. पण वाचणारी बाई मनात काय हिशेब करते? दोन तोळे म्हणजे नुसतं सोनंच दोन लाखांचं, आणि इथे बासष्ट हजार कमी! ती धामणगावहून बस पकडून येते. उद्या अडचणीत माळ मोडायला काढली की लाख काढून वजन होतं, आणि हातात १२ ग्रॅमचेच पैसे पडतात. कापसाच्या पैशातून घेतलेला डाग आहे तो, त्या घराची तीच पुंजी असते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. त्यात खोटं वर्णन तर येतंच, पण मालाच्या प्रमाणाबद्दल गैरसमज होईल असं लिहिणं आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणंही येतं. म्हणजे वरचं वाक्य काट्यावर खरं असलं तरी कायद्यात अडकतं.

म्हणून मी असं लिहीन:

‘लाखेची बोरमाळ, २२ कॅरेट, ९१६ हॉलमार्क. एकूण वजन २० ग्रॅम, त्यात निव्वळ सोनं १२ ग्रॅम. सोन्याची किंमत निव्वळ वजनावरच लावली आहे. या तारखेच्या २२ कॅरेट भावाने, १२ टक्के मजुरी, हॉलमार्क आणि जीएसटी धरून १,३८,४८५ रुपये. भाव रोज बदलतो, खरेदीच्या दिवशीचा भाव लागेल. अशी एकच माळ आहे.’

‘या तारखेच्या’ ऐवजी खरी तारीख घाला. व्हिडिओ फोनाफोनी फिरत राहतो आणि तीन महिन्यांनी कोणीतरी तोच भाव दाखवून भांडतं. भाव २२ कॅरेटचाच सांगा. बातम्यांत बऱ्याचदा २४ कॅरेटचा भाव येतो. वरच्या हिशेबाने तो १० ग्रॅमला साधारण १,०९,००० होतो. त्याच्याशी आपला २२ कॅरेटचा आकडा ताडून ‘बाजारापेक्षा नऊ हजार स्वस्त’ म्हणणारे मी पाहिलेत. ती सरळ फसवणूक आहे.

‘मजुरी शून्य’ किंवा ‘मजुरीत ५० टक्के सूट’ लिहिण्याआधी तुमची मागची बिलं काढा. बोरमाळेवर नेहमी १२ टक्के लावत असाल आणि आता ६ लावणार असाल, तर लिहा: ‘नेहमी १२, या महिन्यात ६.’ पण आधी २४ टक्के लिहून मग निम्मे करायचे, किंवा मजुरी सोडून भावच चढवायचा, हे कोणाही जाणत्या गिऱ्हाइकाच्या बिल बघताच लक्षात येतं.

अटींबद्दल दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवरच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलं आहे: दावा ज्या भाषेत, अट त्याच भाषेत आणि त्याच अक्षरात. मराठीत मोठ्याने ‘१ लाख ३८ हजार’ बोलायचं आणि खाली बारीक इंग्रजीत ‘अटी लागू’ टाकायचं, हे चालत नाही. आवाजात किंमत सांगितली असेल तर ‘निव्वळ सोनं १२ ग्रॅम’ हेही आवाजातच सांगा, कारण आपल्याकडे कितीतरी जण खालचा मजकूर उघडतच नाहीत.

पोस्ट करायच्या आधी मजकूर आणि त्या डागाचं बिल शेजारी ठेवून ताडून बघा. बिलावर निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचं शुल्क वेगवेगळं दाखवावंच लागतं, त्यामुळे फरक असेल तर लगेच दिसतो. माळ विकली गेली की त्याच दिवशी मजकुरात वर ‘विकली गेली’ असं टाका. तशी दुसरी माळ घडवून देणार असाल, तर तिचं वजन आणि किंमत वेगळी येईल हेही तिथेच लिहा.